"उद्यापर्यंत ऑफर ॲक्सेप्ट करा" असा फोन आला तर उत्तर काय द्यायचं

पहिला किंवा दुसरा जॉब स्विच करणाऱ्यांसाठी हे लिहितेय, त्यातही पुणे-मुंबईकडे आयटी आणि त्याच्या आसपासच्या कंपन्यांमध्ये अप्लाय करणाऱ्यांसाठी. मी आधी कन्सल्टन्सीत आणि नंतर कंपनीच्या हायरिंग टीममध्ये काम केलंय, त्यामुळे हा फोन दोन्ही बाजूंनी कसा चालतो ते माहितीये. फोन साधारण संध्याकाळी येतो, अभिनंदन होतं, आकडा सांगितला जातो, आणि मग लगेच "उद्या सहापर्यंत कन्फर्मेशनचा मेल टाका, नाहीतर ही पोझिशन दुसऱ्या कँडिडेटला जाईल". इथे बहुतेक जण एकतर घाबरून फोनवरच हो म्हणतात किंवा फोन उचलायचंच बंद करतात. दोन्हीत तुमचं नुकसान आहे. याच्या मधलं एक उत्तर असतं, ते लेखी असतं आणि त्यात तुम्ही स्वतः एक तारीख आणि वेळ देता. ते उत्तर कसं तयार करायचं तेवढंच इथे सांगते.

आधी बघा, मुदत नक्की कोणी दिलीये

फोन करणारी व्यक्ती कंपनीच्या एचआरमधली आहे का बाहेरच्या कन्सल्टन्सीची, हे आधी स्पष्ट करून घ्या, कारण दोघांची घाई वेगळ्या कारणाने असते. कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते तुम्ही जॉइन झाल्यावर, आणि बऱ्याच ठिकाणी तो रेट तुमच्या वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के असतो, म्हणजे एका महिन्याच्या सीटीसीएवढा. तुम्ही हो म्हणालात की त्यांच्या शीटमध्ये तुमच्या नावापुढे "ऑफर ॲक्सेप्टेड" येतं आणि महिन्याचा रिपोर्ट बरा दिसतो. म्हणून "उद्यापर्यंत" ही मुदत कधीकधी कंपनीने दिलेलीच नसते, मधल्या माणसाने घातलेली असते.

कंपनीच्या एचआरची घाई मात्र खरी असू शकते. दुसऱ्या नंबरचा कँडिडेट थांबवून ठेवलेला असतो आणि तोही दुसरीकडे जाईल अशी भीती असते, किंवा ती जागा याच क्वार्टरमध्ये भरायची म्हणून मंजूर झालेली असते, किंवा ठराविक तारखेला बॅच जॉइन होणार असते. अशा वेळी मुदत वाढवून मिळते, पण एक-दोन दिवस, आठवडाभर नाही.

फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो: "ही मुदत ऑफर लेटरवर लिहिलीये का, आणि ती कंपनीने दिलीये का?" उत्तर "हो, लेटरवर आहे, पाठवते" असं आलं तर मुदत खरी समजून पुढचं सगळं करा. "अहो मॅडम, वरून खूप प्रेशर आहे, तुम्ही फक्त मेल टाका" असं आलं तर लेटर अजून तयारच झालेलं नसण्याची शक्यता खूप असते, आणि मग तुमच्याकडे तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त वेळ आहे.

फोनवर काय बोलायचं

फोनवर हो पण नाही आणि नाही पण नाही. एवढंच बोला:

"थँक यू, ऑफर आल्याचा खरंच आनंद झाला. मला लेटर किंवा पूर्ण ब्रेकअप मेलवर पाठवा, मी आज रात्री वाचते आणि उद्या सकाळी अकराच्या आत तुम्हाला लेखी उत्तर देते."

यात तुम्ही उद्या ॲक्सेप्ट करीन असं म्हटलेलं नाही, लेखी उत्तर देईन असं म्हटलंय, आणि उद्या तुम्ही ते खरंच देणार आहात. पुढे ते "पण तुमचं हो आहे ना, मी तसं कळवू का" असं विचारतीलच, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो. त्यावर "इंटरेस्ट नक्की आहे, फायनल उत्तर वाचल्यावर देते, तसंच कळवा" म्हणायचं. "हो हो, चालेल" असं सवयीने सुद्धा म्हणू नका, कारण पलीकडे तो होकार म्हणून नोंदवला जातो, दुसऱ्या कँडिडेटला कधीकधी त्याच दिवशी नकार जातो, आणि मग तुम्ही वेळ मागितलात की तुम्ही शब्द फिरवला असं दिसतं.

"दुसरीकडे कुठे इंटरव्ह्यू चालू आहेत?" हा प्रश्न आला तर कंपनीचं नाव सांगायची काहीच गरज नाही. खोटंही बोलू नका. "एक प्रोसेस चालू आहे" एवढं पुरे.

तुमच्याकडे नक्की काय ॲक्सेप्ट करायला मागताहेत

नवीन लोकांचा इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ज्याला सगळे ऑफर म्हणतात ते तीन वेगळ्या गोष्टींपैकी काहीही असू शकतं. एक, मेलमध्ये आलेला पगाराचा ब्रेकअप, खाली "कृपया कन्फर्म करा म्हणजे ऑफर लेटर रिलीज करतो". दोन, लेटर ऑफ इंटेंट, ज्यात ऑफर देण्याचा इरादा लिहिलेला असतो पण सगळ्या अटी नसतात. तीन, खरं ऑफर लेटर, ज्यात पद, पगार, लोकेशन, जॉइनिंगची तारीख, नोटीस पिरियड, अटी आणि कंपनीच्या माणसाची सही किंवा पोर्टलवरचं ॲक्सेप्टचं बटण असतं.

पहिल्या दोन गोष्टींवर हो म्हटलं तरी तुमच्या हातात खरं ऑफर लेटर येतंच असं नाही, आणि तिसरी गोष्ट हातात आल्याशिवाय सध्याच्या कंपनीत राजीनामा टाकायचा नाही, कितीही घाई केली तरी. ब्रेकअपच्या मेलवर राजीनामा टाकला आणि मग अप्रूव्हल अडकलं अशा केसेस मी पाहिल्यात.

कायद्याचं थोडंसं माहीत असू द्या, कारण त्यावरून उत्तराची भाषा ठरते. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे ऑफरला मुदत दिलेली असेल तर ती संपली की ऑफर आपोआप संपते. तुम्ही स्वीकारलं असं कळवेपर्यंत कंपनी ती मागेही घेऊ शकते, मुदत शिल्लक असली तरी. म्हणजे वेळ मागण्यात थोडी रिस्क आहेच, ती शून्य आहे असं मी सांगणार नाही. आणि तिसरी गोष्ट जास्त कामाची: स्वीकार बिनशर्त असावा लागतो. "मी ॲक्सेप्ट करते, पण जॉइनिंग बोनसची अट बदला" असा मेल कायद्याने स्वीकार ठरत नाही, पण रिक्रूटर मात्र पहिले तीन शब्द वाचून ॲक्सेप्टेड टाकून मोकळा होतो, म्हणजे तुम्हाला ना ऑफर पक्की मिळाली ना वाटाघाटीला जागा राहिली. त्यामुळे प्रश्न आणि होकार एकाच मेलमध्ये कधीच मिसळू नका. आधी प्रश्नांचा मेल, उत्तरं आली की वेगळा होकाराचा मेल.

त्या रात्री वाचायच्या गोष्टी, एका केसवरून

माझ्या मावसबहिणीची केस सांगते, तिला विचारूनच लिहितेय. पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत टेस्टिंगला होती, हातात महिना ३८,५०० यायचे. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला कन्सल्टन्सीतून फोन, खराडीतल्या एका कंपनीची साडेआठ लाखांची ऑफर, "म्हणजे महिना सत्तर हजार, डबल होतंय तुमचं, उद्या सहापर्यंत मेल टाका". दुसऱ्या एका कंपनीत तिचा शेवटचा राउंड सोमवारी होता. सात वाजता ब्रेकअपचा मेल आला आणि आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बसलो.

साडेआठ लाखांत काय काय होतं ते बघा. ८५,००० व्हेरिएबल, वर्षाअखेर रेटिंगवर अवलंबून. ५०,००० जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणार. बेसिक महिना ३०,०००, त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी वर्षाचे ४३,२००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी १७,३१६, जी नेहमीच्या पर्मनंट नोकरीत साधारण पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हातात येते. इन्शुरन्सचा हप्ता ६,४८४. हे सगळं वजा केलं की राहिले ६,४८,०००, म्हणजे महिना ५४,००० ग्रॉस. त्यातून तिचा स्वतःचा पीएफ ३,६०० आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). २०२५-२६ च्या नव्या रिजीममध्ये या पगारावर इन्कम टॅक्स लागत नाही. हातात येणार ५०,२००.

म्हणजे सत्तर नाही, पन्नास. वाढ चांगलीच आहे, महिना ११,७०० ची, पण फोनवर ऐकलेल्या आकड्यावर तिने हो म्हटलं असतं तर पहिल्या पगाराला धक्का बसला असता. रिक्रूटर मुद्दाम फसवत होता असं नाही, त्याने सीटीसीला बाराने भागलं आणि सांगून टाकलं, हे रोज होतं. तुम्ही कागद घेऊन हा हिशोब स्वतः करा, अर्धा तास लागतो.

दुसरी गोष्ट जॉइनिंगची तारीख. ऑफरमध्ये ३० दिवसांत जॉइन व्हायचं लिहिलं होतं आणि तिचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा. मधले ३० दिवस कोण भरणार? बायआउट म्हणजे उरलेल्या दिवसांचा पगार सध्याच्या कंपनीला भरून लवकर सुटायचं, पण काही कंपन्यांत तो मॅनेजरच्या मर्जीवर असतो, आणि पैसे बेसिकवर धरायचे का ग्रॉसवर हे प्रत्येक कंपनीच्या पॉलिसीत वेगळं असतं. नवी कंपनी ते पैसे परत देणार असेल तरी आधी तुम्ही खिशातून भरता आणि पावती दाखवल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या पगारात मिळतात. हे लेखी नसेल तर मिळतीलच असं धरू नका. आणि बायआउटला सध्याची कंपनी नाहीच म्हणाली तर रिलीव्हिंग लेटरशिवाय निघायची वेळ येते, जे पुढच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये अडतं.

तिसरी गोष्ट वसुलीच्या अटी. जॉइनिंग बोनसखाली बारीक अक्षरात "१२ महिन्यांच्या आत सोडल्यास परत करावा लागेल" असं होतं, पण पूर्ण ५०,००० का राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, ते लिहिलं नव्हतं. अकरा महिने पूर्ण करून सोडलं तर पन्नास हजार आणि चार-पाच हजार एवढा तो फरक आहे. सर्व्हिस बाँड असेल तर त्याचा कालावधी आणि रक्कम दोन्ही बघा. "बाँडला कोर्टात काही किंमत नसते" हे सगळीकडे ऐकायला मिळतं, त्यावर जाऊ नका, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम वैध धरली होती. प्रत्येक बाँड तसाच टिकेल असं नाही, पण सही करताना तो टिकेल असं धरूनच करा.

लोकेशन, शिफ्ट आणि पदाचं नाव इंटरव्ह्यूत सांगितलं तेच आहे ना, एवढं नजर टाकून घ्या.

हे सगळं वाचल्यावर तुमच्याकडे दोन-तीन खरे प्रश्न तयार होतात. त्यांच्यामुळेच तुमचं वेळ मागणं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच वाचन आधी आणि मेल नंतर.

उत्तराचा मेल

मेल मुदत संपायच्या बराच आधी गेला पाहिजे. सहाची मुदत असेल तर सकाळी दहा-अकरापर्यंत, कारण एचआरला हायरिंग मॅनेजरला विचारून उत्तर द्यायला दिवस मिळतो. पावणेसहाला पाठवलेला मेल टाळाटाळ वाटतो. शक्य असेल तर मेल कन्सल्टंटला आणि सीसीमध्ये कंपनीच्या एचआरला, ज्यांच्याकडून इंटरव्ह्यूचं इन्व्हाइट आलं होतं त्यांचा आयडी त्या इन्व्हाइटमध्ये सापडतो. कन्सल्टंटला हे आवडत नाही, पण मुदत वाढवायचा अधिकार कंपनीचा असतो आणि तुमचं म्हणणं तिथपर्यंत जसंच्या तसं पोचलं पाहिजे.

मेलमध्ये चारच गोष्टी. आभार आणि इंटरेस्ट एका ओळीत, मग प्रश्न नंबर टाकून, मग तुमची तारीख आणि तास, मग त्या वेळी तुम्ही काय कराल ते. मेल इंग्रजीतच जाईल, पण मजकूर असा ठेवा. मावसबहिणीने जवळपास हाच पाठवला होता:

विषय: ऑफरबाबत, फायनल उत्तर सोमवारी दुपारी १ पर्यंत

नमस्कार,
ऑफरबद्दल मनापासून धन्यवाद. टीमशी झालेलं बोलणं मला आवडलं आणि या रोलमध्ये मला इंटरेस्ट आहे.
ब्रेकअप वाचला. निर्णय घेण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट हव्या आहेत:
१. माझा नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे आणि ऑफरमध्ये ३० दिवसांत जॉइनिंग आहे. जॉइनिंगची तारीख पुढे जाऊ शकते का, किंवा बायआउटची रक्कम कंपनी परत देईल का?
२. जॉइनिंग बोनसची वसुली पूर्ण रकमेची आहे की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात?
३. सर्व अटींसह ऑफर लेटरची पीडीएफ पाठवता येईल का?
ही माहिती मिळाल्यावर मी सोमवारी दुपारी १ वाजेपर्यंत हो किंवा नाही असं फायनल उत्तर लेखी देईन. तोपर्यंत मुदत वाढवल्याचं कृपया या मेलवर कळवावं.

शेवटचं वाक्य विसरू नका. फोनवर "ठीक आहे, सोमवारपर्यंत बघू" असं कोणी म्हटलं आणि शनिवारी लेटरची मुदत संपल्याचा ऑटोमॅटिक मेल आला तर दाखवायला तुमच्याकडे काही नसतं. फोनवर वाढवून दिली तरी तुम्हीच एक ओळ टाका, "आत्ता बोलल्याप्रमाणे सोमवार दुपारी १ ची मुदत पक्की धरते".

किती वेळ मागायचा, तर साधारण दोन ते तीन कामाचे दिवस. "थोडा वेळ हवाय" हे सगळ्यात कमजोर, कारण त्याला शेवट नाही आणि एचआरला मॅनेजरला सांगता येत नाही. आठवडा तेव्हाच मागा जेव्हा कारण तेवढं मोठं आहे, म्हणजे नागपूरहून बेंगळुरूला घरदार हलवायचंय, किंवा घरातल्या कोणाची नोकरी त्यावर अवलंबून आहे. घरच्यांशी बोलायचंय हे कारण आपल्याकडे समजून घेतात, लाज वाटायचं कारण नाही, फक्त त्यालाही तारीख जोडा. आजारपण, लग्न, कोणी वारलं अशी खोटी कारणं देऊ नका, पुढे त्याच टीममध्ये बसायचंय.

दुसऱ्या कंपनीचा राउंड बाकी आहे हे सांगायचं का? माझं मत, मेलमध्ये स्वतःहून नको, विचारलं तर सरळ सांगा. स्वतःहून लिहिलं तर ते वाचणाऱ्याला धमकी वाटायची शक्यता असते आणि लपवलं तर नंतर वाईट दिसतं. आणि मेलमधले प्रश्न खरे असले पाहिजेत, फक्त वेळ काढायला घातलेले प्रश्न अनुभवी एचआर लगेच ओळखते.

व्हॉट्सॲपवर रिक्रूटरला वेगळा छोटा मेसेज टाका, कारण तो मेलपेक्षा तिथेच वाट बघत असतो: "सर, सविस्तर मेल केलाय, तीन प्रश्न आहेत, फायनल उत्तर सोमवारी दुपारी १ ला नक्की देते." मग दर तासाला फोन येत नाहीत. आले तरी एकदा उचला, तेच वाक्य सांगा.

मिळालेल्या वेळात दुसरीकडे फोन करा

मेल गेला की त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीच्या एचआरला कळवा: "माझ्याकडे एक ऑफर आलीये, सोमवारी दुपारपर्यंत उत्तर द्यायचंय, तुमच्याकडे माझी पसंती जास्त आहे, राउंड आधी होऊ शकेल का आणि निर्णय साधारण कधी कळेल?" पसंती जास्त नसेल तर ते वाक्य काढून टाका. यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. राउंड लवकर होतो, पण नंतर पगाराचं अप्रूव्हल आणि लेटर याला एक-दोन आठवडे सहज जातात. "राउंड उद्या घेऊ, पण लेटरला दहा-बारा दिवस" असं उत्तर आलं तर तुमची तुलना एका ऑफरची दुसऱ्या ऑफरशी राहत नाही, हातातल्या लेटरची एका शक्यतेशी होते. तो विचार करून ठरवा.

त्यांचं उत्तर आल्यावर

मावसबहिणीला तीन वाजता कंपनीच्या एचआरचा मेल आला. जॉइनिंग ४५ दिवसांवर नेलं, १५ दिवसांचा बायआउट पावतीवर परत, बोनसची वसुली राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, पीडीएफ जोडलेली, आणि मुदत सोमवार दुपारी १. गंमत म्हणजे एचआरच्या मेलवरून दिसलं की कंपनीची मूळ मुदत शनिवारची होती, शुक्रवार संध्याकाळ ही मधूनच आली होती. दुसऱ्या कंपनीने राउंड शनिवारी घेतला पण लेटरला दोन आठवडे सांगितले, सध्याच्या मॅनेजरशी नोटीसबद्दल अंदाज घेऊन झाला होता, आणि तिने सोमवारी साडेबाराला पहिल्या कंपनीला हो कळवलं.

नेहमी असं जात नाही. "सॉरी, आज सहालाच हवंय" असं कंपनीच्या एचआरकडून लेखी आलं तर ती मुदत खरी आहे. मग एकदाच विचारा, "उद्या सकाळी दहा तरी होईल का?", रात्र मिळाली तर चांगलं. नाही मिळाली तर जे हातात आहे त्यावर ठरवा, आणि ठरवायचा निकष माझ्या मते एकच ठेवा: दुसरी कुठलीच ऑफर येणार नाही असं धरलं तर मी ही नोकरी घेईन का? हो असेल तर घ्या. नाही असेल तर सोडा, कारण मग फक्त भीतीपोटी घेताय. पण एक वेगळी गोष्ट आहे. तुमचे अटींबद्दलचे प्रश्न अनुत्तरित ठेवून, लेटर न दाखवता, फक्त मेलवर हो मागत असतील, तर तिथे मी थांबायला सांगीन. ज्या कंपनीला ऑफरची पीडीएफ पाठवता येत नाही तिच्यासाठी चालू नोकरी सोडणं फार मोठी रिस्क आहे.

"आत्ता ॲक्सेप्ट करून टाक, नोटीस पिरियडमध्ये दुसरं शोध, आवडलं तर तिकडे जा" हा सल्ला तुम्हाला चार मित्र देतील. मोठ्या नोटीस पिरियडमुळे हे सर्रास होतं हे खरंय आणि त्यातून कोणी कोर्टात जात नाही बहुधा. तरी मी ते सुचवणार नाही. बऱ्याच कंपन्या आपल्या सिस्टिममध्ये "ॲक्सेप्ट करून आला नाही" अशी नोंद ठेवतात, तीच एचआर दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत असते, आणि ज्या कँडिडेटला तुमच्यामुळे नकार गेला तो बिचारा तुमच्यासारखाच कोणीतरी असतो. खरंच परिस्थिती बदलली तर जॉइनिंगच्या आदल्या दिवसापर्यंत न थांबता ज्या दिवशी ठरलं त्याच दिवशी कळवा.

नाही म्हणायचं असेल तर तेही मुदतीच्या आत, दोन ओळींत: "ऑफरबद्दल आभार, विचार करून मी ही ऑफर स्वीकारत नाहीये, तुम्हाला पुढे दुसऱ्या कँडिडेटशी बोलता यावं म्हणून आजच कळवते." कारणांची यादी नको, त्यावरून पुन्हा फोन सुरू होतात.

एक प्रकार यात बसतच नाही, तो वेगळा ओळखा. इंटरव्ह्यू नावापुरता चॅटवर झालाय, मेल फुकटच्या आयडीवरून आलाय, आणि "उद्यापर्यंत" ची घाई लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी किंवा व्हेरिफिकेशनचे पैसे भरायची आहे. इथे वेळ मागायचा नाही, उत्तरच द्यायचं नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम खात्यात अडवली जायची शक्यता जास्त.

हो म्हणायचं ठरलं तर

होकाराचा मेल स्वच्छ आणि बिनशर्त: "दिनांक अमुकच्या ऑफर लेटरमधल्या आणि तुमच्या शुक्रवारच्या मेलमधल्या अटींनुसार मी ही ऑफर स्वीकारत आहे, जॉइनिंगची तारीख अमुक." शुक्रवारच्या मेलचा उल्लेख यासाठी की बायआउट आणि बोनसची स्पष्टता फक्त मेलमध्ये आहे, लेटरमध्ये नाही. लेटरच सुधारून मिळालं तर आणखी चांगलं. पोर्टलवर बटण दाबायचं असेल तर दाबायच्या आधी पीडीएफ उतरवून घ्या, कारण काही पोर्टलवर ॲक्सेप्ट केल्यानंतर किंवा मुदत संपल्यावर लिंक उघडत नाही, आणि ती फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही तर स्वतःच्या मेलवर ठेवा. ॲक्सेप्ट झाल्याचा मेल परत आला की मग राजीनामा. रिक्रूटर त्याच दिवशी राजीनाम्याचा स्क्रीनशॉट मागेल, तो पाठवायला हरकत नाही, फक्त त्यात क्लायंटचं नाव किंवा टीममधल्यांचे आयडी दिसत असतील तर ते झाकून पाठवा.